मदत हवी आहे: बॉट वेळ चुकीची ऐकतो आणि दुरुस्तीही घेत नाही

कळफलक: आठवण करून देणारा छोटा मराठी व्हॉइस बॉट बनवतोय. गाडी इथे अडते:

बॉट: किती वाजता आठवण करू?
माणूस: साडेसात.
बॉट: सात वाजता, बरोबर?
माणूस: नाही, साडेसात!
बॉट: ठीक आहे, रद्द केलं.

'नाही' आलं की रद्द, असा नियम आहे. तो काढला तर बॉट परत 'किती वाजता?' विचारतो, परत 'सात'च ऐकतो आणि माणूस वैतागून सोडून देतो.

भिंगरी: विश्वासांक ०.८ च्या खाली गेला की 'पुन्हा सांगा' म्हणायचं. काम झालं.

जुनाखांब: इथे चालणार नाही. त्याला 'सात' स्पष्टच ऐकू आलं असेल, तर अंक चांगलाच येणार. कळफलक, आधी रेकॉर्डिंग ऐका. बॉटचं वाक्य संपायच्या आत माणसं उत्तर देतात आणि माईक उघडेपर्यंत 'साडे' गेलेलं असतं. तसं असेल तर 'पावणेआठ'चंही 'आठ' होत असेल आणि 'अडीच' न समजलेल्यांत पडत असेल.

पाऊलवाट: माझा बॉट ७:३० ला 'सात तीस' म्हणतो. तेच ना हे?

कळफलक: ते बोलण्याचं झालं, माझी अडचण ऐकण्याची. तुम्ही आकड्याऐवजी 'साडेसात' असं अक्षरी लिहून द्या, नीट वाचेल.
जुनाखांब, ऐकलं. सुरुवात खरंच कापली जातेय, आणि 'अडीच'चंही तुम्ही म्हणता तसंच.

जुनाखांब: मग माईक प्रश्न चालू असतानाच उघडा ठेवा. मात्र बॉटचा स्वतःचा आवाज गाळायची सोय हवी, नाहीतर तो स्वतःलाच उत्तर देत बसेल.

आता 'नाही'चं. त्याच्यासोबत वेळ आली तर ती दुरुस्ती, नुसतं आलं तर फक्त ती वेळ पुसायची. रद्द करायचं ते 'राहू दे', 'रद्द कर' ऐकल्यावरच. आणि नाकारलेली वेळ लक्षात ठेवा. 'नाही'नंतर परत 'सात'च ऐकू आलं, तर तोच प्रश्न विचारू नका, तो बदला: 'सव्वासात, साडेसात की पावणेआठ?' पर्याय समोर असले की माणूस त्यातलाच शब्द उचलतो, आणि बॉटलाही तिघांतून एकच ओळखायचा असतो.

भिंगरी: पण त्याला सात दहा हवे असतील तर?

जुनाखांब: तर तो 'यातलं नाही' म्हणेल. तेव्हा मिनिटं वेगळी विचारायची. त्यानंतरही जमलं नाही तर बटणं दाखवा, पुन्हा बोलायला लावू नका.

कळफलक: दुरुस्तीचा नियम घातला, चालतोय. पण आज एकाने 'आठ नको, सात' म्हटलं आणि दुसऱ्याने 'सात, आठ नको'. पहिली वेळ घेतली की एक चुकतो, शेवटची घेतली की दुसरा.

जुनाखांब: 'नको'च्या लगेच आधीची वेळ वगळून पाहा. 'आठला नको मला, सातला' यात चालेल. 'नको आठला' असं उलटं बोलणाऱ्यांचं काय करायचं, ते मलाही अजून जमलेलं नाही.