‘केले जाते’ला इतके घाबरायचे कारण काय?

मूळ पोस्ट – रूपांतर

‘जाणे’ लावलेले वाक्य दिसले की ‘इंग्रजाळलेले’ असा शेरा मारण्याची हल्ली फॅशन झाली आहे. शास्त्रीय लेखनात कर्ता महत्त्वाचा नसतो, कृती महत्त्वाची असते. ‘द्रावण गाळले जाते’ हे वस्तुनिष्ठ मराठी आहे आणि ‘द्रावण गाळतात’ हे गप्पांमधले मराठी आहे. ज्यांना हा फरक कळत नाही त्यांनी गोष्टी लिहाव्यात, आमच्या मजकुराला हात लावू नये.

टाचणी

मी बरीच वर्षे विज्ञानाची पाठ्यपुस्तके संपादित करतो, म्हणजे आपण ज्यांना हात लावू नका म्हणता त्यांच्यापैकीच एक आहे. ‘वस्तुनिष्ठ’ हा शब्द वाचून राहवले नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

आपल्या समजुतीमागे एक गृहीतक आहे, ते असे की कर्त्याला बाजूला सारायचे असेल तर क्रियापदाचे रूप बदलावेच लागते. इंग्रजीत ते खरे आहे, कारण तिथे कर्त्याची जागा रिकामी ठेवता येत नाही. मराठीत ती खुशाल रिकामी ठेवता येते. ‘हा पूल 1960 साली बांधला’ या वाक्यात कर्ता नाही, क्रियापद पुलाच्या लिंगवचनाप्रमाणे चालते आहे आणि बांधणाऱ्याची चौकशी कोणी करत नाही. पुलाच्या जागी इमारत आली की ‘बांधली’ होते, धरण आले की ‘बांधले’ होते. कर्माला जो मान द्यायचा तो भूतकाळातल्या आपल्या साध्या वाक्याने आधीच दिलेला आहे, मग त्यावर ‘गेला’ चढवून नेमके काय मिळवले? नेहमी घडणाऱ्या गोष्टीसाठी ‘गाळतात’, ‘मोजतात’, ‘म्हणतात’ ही रूपे आहेत. ‘या क्रियेला ऊर्ध्वपातन म्हणतात’ हे वाक्य आपणही लिहीत असाल. ते गप्पांमधले वाटते का?

आता एक प्रत्यक्ष उतारा पाहा. तो माझ्याकडे असा आला होता: ‘प्रथम द्रावण गाळले जाते. त्यानंतर ते उकळले जाते. शिक्षकांद्वारे तापमान मोजले जाते आणि विद्यार्थ्यांकडून ते वहीत लिहिले जाते.’ मी तो असा केला: ‘प्रथम द्रावण गाळून घेतात आणि मग उकळतात. शिक्षक तापमान मोजतात आणि विद्यार्थी ते वहीत लिहून ठेवतात.’ पहिल्या दोन वाक्यांत कर्ता कोण हे सांगायचेच नव्हते, म्हणून तो गाळला. पुढच्या दोन कृतींत तो सांगायचा होता, म्हणून सरळ सांगितला. आपले ‘शिक्षकांद्वारे’ मला सर्वांत जास्त खटकते, कारण कर्त्याला आधी दाराबाहेर काढायचे आणि मग खिडकीतून आत घ्यायचे असा तो प्रकार आहे. शिवाय ‘विद्यार्थ्यांकडून लिहिले जाते’ म्हटल्यावर कोणीतरी त्यांच्याकडून लिहून घेते आहे असाही वास येतो, कारण ‘मुलाकडून पाढे म्हणवून घेतले’ या वाक्यातला ‘कडून’ आपल्या कानात आधीपासून बसलेला आहे.

परीक्षार्थी

नमस्कार. विषय माझ्या उपयोगाचा आहे म्हणून विचारतो. ‘रावण रामाकडून मारला गेला’ या वाक्याचा प्रयोग एका पुस्तकात नवीन कर्मणी दिला आहे आणि दुसऱ्यात कर्मकर्तरी दिला आहे. सराव परीक्षेत माझे दोन गुण यातच गेले. नक्की कोणता पर्याय निवडावा?

टाचणी

नावे दोन आहेत, वाक्य एकच आहे. त्यातही ‘नवीन’ हे विशेषण कशामुळे लागले असेल याचा विचार केलात तर या चर्चेचा अर्धा भाग आपोआप उलगडेल. उत्तरपत्रिकेसाठी मात्र आपल्या परीक्षेने जे पुस्तक नेमले असेल त्याचेच ऐका.

उंबरठा

सगळे इंग्रजीवर का घसरले आहेत ते मला समजत नाही. हे ‘किया जाता है’ आहे, शंभर टक्के हिंदी आहे. जाहिराती आणि मालिका हिंदीतून मराठीत येतात, भाषांतर करणाऱ्याला मराठी येत नाही आणि मग ‘माझी मदत करा’सारखी वाक्ये आपल्या घरात शिरतात. मराठीत मला मदत करतात, माझी नाही! माझ्या पुतणीला मी हे दहा वेळा सांगितले, तर ती म्हणाली, ‘काका, अर्थ कळला ना?’ या ‘अर्थ कळला ना’ने भाषेची वाट लावली आहे.

रूपांतर

उंबरठा, आपल्या पुतणीची बाजू मला पटते. असो.

टाचणी, आपला उतारा आपण सोयीने निवडलेला आहे. द्रावण एकवचनी होते म्हणून आपले ‘गाळतात’ निभावले. आता हे वाक्य घ्या: ‘या भागात मासे खातात.’ मासे खाणारे आहेत की खाल्ले जाणारे आहेत? ‘मुंग्या मारतात’, ‘वाघ पकडतात’ अशी कितीही वाक्ये देतो. कर्म अनेकवचनी आणि सजीव असले की आपले लाडके ‘-तात’ त्यालाच कर्ता करून टाकते. मी प्राणिशास्त्राच्या मजकुराचे भाषांतर करतो आणि तिथे असे वाक्य दर पानावर येते. ‘मासे खाल्ले जातात’ म्हटले की संशय संपतो. याला आपण इंग्रजाळलेपणा म्हणणार असाल तर मला तो मान्य आहे.

टाचणी

हा आक्षेप योग्य आहे आणि तो मला आधी सुचायला हवा होता. ‘लोक’ घालून ‘या भागात लोक मासे खातात’ असे लिहिता येते आणि मी तेच लिहीन, पण प्रत्येक वेळी तो ‘लोक’ घालणे अवघड होते हेही खरे आहे. तेवढ्या जागा आपल्याला दिल्या.

मात्र जिथे असा संशय नाही तिथे ‘जाणे’ निरुपद्रवी असते असे समजू नका, कारण त्याला मराठीत स्वतःचा एक अर्थ आहे. ‘रागाच्या भरात बोलले गेले’, ‘आज जरा जास्तच खाल्ले गेले’, ‘नकळत हसले गेले’ ही वाक्ये इंग्रजीतूनही आलेली नाहीत आणि हिंदीतूनही नाहीत. करणारा मीच आहे, पण मी ते ठरवून केले नाही, माझ्या हातून ते होऊन गेले, असे ही वाक्ये सांगतात. त्यातल्या एखाद्यात ‘मुद्दाम’ घालून पाहा. ‘आज मुद्दाम जास्त खाल्ले गेले’ हे वाक्य कानाला लगेच बोचते. आता हाच कान घेऊन ‘तापमान मोजले जाते’ वाचा. प्रयोगशाळेतली सर्वांत जाणीवपूर्वक केलेली कृती आपण ‘होऊन जाते’च्या शेजारी नेऊन बसवतो. सरकारी भाषेलाही हा फरक कळतो. तिथे ‘आदेश देण्यात येत आहे’ असे लिहितात. ते वाक्य कितीही कोरडे असले तरी आदेश चुकून दिलेला नाही एवढे त्यातून नक्की समजते.

अर्धविराम

‘होऊन जाते’ यावरून माझा अनुभव सांगतो. माझ्या खात्यातून एका वित्तसंस्थेने पैसे कापले आणि पत्र पाठवले की ‘आपल्या खात्यातून रक्कम वजा केली गेली आहे’. कोणी केली, असे विचारल्यावर उत्तर आले की ‘नियमानुसार शुल्क आकारले गेले आहे’. तिसऱ्या पत्रात ‘आपल्या तक्रारीची नोंद घेतली गेली आहे’ असे होते. तीन पत्रांत एकही माणूस नव्हता. टाचणी म्हणतात तो नकळतपणाचा अर्थ मला त्या वेळी माहीत नव्हता, पण पैसे आपोआपच गेले असे मला वाचताना वाटत होते खरे. ‘आम्ही रक्कम वजा केली’ असे त्यांनी लिहिले असते तर भांडायला निदान कोणीतरी समोर दिसले असते.

रूपांतर

‘आपल्या खात्यातून रक्कम वजा केली’ हे टाचणींचे कर्ता गाळलेले शुद्ध मराठी वाक्यही त्या संस्थेला तितक्याच आनंदाने लिहिता आले असते. लपणाऱ्याला कोणतेही व्याकरण पुरते. त्याचे खापर ‘जाणे’वर फोडू नका.

अर्धविराम

आपण त्या संस्थेत नोकरीला आहात का?

उंबरठा

मूळ मुद्द्याला बगल दिली जात आहे. हिंदीचे काय? (आणि हो, ‘दिली जात आहे’ मी मुद्दाम लिहिले.)

टाचणी

उंबरठा, आपले निम्मे खरे आहे. आजच्या जाहिरातींतले बरेचसे ‘केले जाते’ हिंदीवरून उतरवलेले असते हे मान्य. पण हिंदीत हेच रूप अशक्यतेसाठीही वापरतात, ‘मुझसे चला नहीं जाता’. मराठीने त्या कामासाठी वेगळे रूप ठेवले आहे, ‘मला चालवत नाही’. सगळे हिंदीतूनच आले असते तर ‘माझ्याकडून चालले जात नाही’ हेही आपण सर्रास ऐकले असते. त्याहून जुनी गोष्ट म्हणजे मराठीकडे ‘-इजे’चे स्वतःचे कर्मणी रूप होते, ‘कीजे’, ‘बोलिजे’. ते मागे पडले, पण त्याचे दोन अवशेष आपण रोज वापरतो, ‘म्हणजे’ आणि ‘पाहिजे’. याच परिच्छेदात मी त्यातला एक वापरला आहे.

रूपांतर

म्हणजे मराठीला कर्मणीची गरज आधीपासून होती, हे आपणच सिद्ध केले! ते रूप गेले आणि त्याच्या जागी ‘जाणे’ आले. याला परकीय का म्हणायचे?

टाचणी

‘जाणे’ला मी परकीय म्हटलेलेच नाही. ‘चोर पकडला गेला’, ‘तो युद्धात मारला गेला’, ‘हा किल्ला या नावाने ओळखला जातो’ यांना मी कधी हात लावत नाही. यातल्या दुसऱ्या वाक्यात ‘त्याला युद्धात मारले’ असा बदल केला तर अर्थच हलतो, कारण ‘मारला गेला’ म्हटल्यावर जीव गेला हे निश्चित असते आणि ‘त्याला मारले’ म्हटल्यावर नुसता मारही असू शकतो. माझी तक्रार दोनच गोष्टींबद्दल आहे. कर्ता सांगायचा असताना त्याला ‘द्वारे’ किंवा ‘कडून’ लावून मागे ढकलू नये, आणि ओळीने सहा कृती सांगताना सहाही वेळा ‘जाते’ लिहू नये.

रूपांतर

‘द्वारे’बद्दल वाद घालत नाही. काल रात्री माझीच जुनी फाइल उघडली तर ‘पक्ष्यांद्वारे घरटी बांधली जातात’ असे वाक्य सापडले. ते मी ‘पक्षी घरटी बांधतात’ असे केले आणि वाक्य एका शब्दाने आखूड झाले, याचे श्रेय आपण खुशाल घ्या. त्याच पानावर ‘या जातीच्या पक्ष्यांची अंडी साप खातात आणि पिल्ले घारींकडून पळवली जातात’ असे वाक्य आहे. त्याचा उत्तरार्ध ‘घारी पिल्ले पळवतात’ असा करून पाहिला, पण पुढचे वाक्य ‘त्यामुळे ती मोठी होण्याआधीच संपतात’ असे आहे आणि ‘ती’ कोण, पिल्ले की घारी, हे मला कळेना.

टाचणी

‘घारी’ स्त्रीलिंगी आहेत. त्यांच्यासाठी ‘त्या’ येईल.

रूपांतर

बरे. पण मासे तसेच राहतील.