मदत हवी आहे: 'रोपे दिले आहे' की 'रोपे दिली आहेत'? क्रियापद नेमकं कोणाकडे बघतं?

केळीबाग_रावेर

नमस्कार. रावेर तालुक्यात आमच्या गावी केळी उत्पादकांचा गट आहे. यंदा वार्षिक अहवाल लिहायचं काम माझ्याकडे आलं. मी लिहिला, गटातल्याच एका निवृत्त सरांनी तपासला, आणि आता पाच वाक्यांवर आमचं अडलंय. परवा छापायला द्यायचा आहे. माझी वाक्यं जशीच्या तशी देते:

१. गटाने ६० सभासदांना केळीची रोपे दिले आहे.
२. गटाने महिला सभासदांना बैठकीला बोलावल्या.
३. करपा आलेली पाने कापून बागेबाहेर जाळण्यात आले.
४. तज्ज्ञांनी शेतकऱ्यांना मार्गदर्शन केले.
५. ४० एकरांवर केळी लावण्यात आली आहेत.

सरांनी पहिल्यात 'दिली आहेत' केलं, दुसऱ्यात 'बोलावले', तिसऱ्यात 'जाळण्यात आली' आणि पाचव्यात 'आहे'. चौथ्याला हात लावला नाही. कारण विचारलं तर म्हणाले, वाचून बघ, कानाला कळेल. मला नाही कळत. घरी आम्ही अहिराणी बोलतो, त्यामुळे कानावर विसंबायची मला भीती वाटते. देणारा गट एकच आहे, मग 'आहेत' का? क्रियापद कर्त्याप्रमाणे चालतं असंच शाळेत शिकले होते.

सातपुडा_पायथा

ताई, सोपं आहे. कर्त्याला 'ने' लागला की त्याला सोडून द्यायचं. आणि वाक्यात कुठे 'ला' किंवा 'ना' दिसला की तो भावे प्रयोग, तिथे डोळे मिटून 'ले' लावायचं. 'सभासदांना' आहे म्हणून तुमचं पहिलं वाक्य 'दिले' बरोबरच आहे, सरांनी उगाच बदललं. दुसरं मात्र त्यांचं बरोबर.

जुनी_मुद्रितशोधक (जळगाव)

सातपुडा भाऊ, तुमचं पहिलं वाक्य अगदी खरं आहे आणि दुसऱ्यानेच घोटाळा होतो. मी बरीच वर्षं मुद्रितं तपासली, हीच चूक सगळ्यात जास्त पाहिली, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

ज्या नामाला ने, ला, ना, स, शी यातलं काही चिकटलंय, ते नाम क्रियापदाला वळवू शकत नाही. क्रियापद वाक्यात मोकळं नाम शोधतं. कर्ता मोकळा असेल तर त्याच्याप्रमाणे चालतं. तो बांधलेला असेल तर मोकळं कर्म शोधतं. तेही बांधलेलं असेल तर कोणाकडेच बघत नाही आणि नपुंसकलिंगी एकवचनात उभं राहतं. हा शेवटचा तो भावे प्रयोग.

आता पहिलं वाक्य घ्या. 'गटाने' बांधलेला, म्हणून गट एक की दहा याने काहीच फरक पडत नाही. 'सभासदांना' बांधलेलं. पण दिलं काय? रोपे. ती मोकळी आहेत. म्हणजे वाक्य कर्मणी आणि क्रियापद रोपांचं. 'ना' आहे खरा, पण तो ज्याला दिलं त्याला लागलाय, जे दिलं त्याला नाही. रोप नपुंसकलिंगी, अनेकवचन रोपे, म्हणून 'रोपे दिली आहेत'.

खात्री करायची असेल तर मोकळं नाम बदलून बघा. सभासदांना पंप दिला आहे. सभासदांना नळी दिली आहे. सभासदांना खत दिले आहे. सभासदांना रोपे दिली आहेत. नाम बदललं की क्रियापद हललं, म्हणजे सूत्र त्याच्याच हातात. उलट 'सभासदांना' काढून 'सभासदाला' किंवा 'महिलेला' करा, क्रियापद जागचं हलत नाही.

तिसऱ्यातही हेच. 'जाळण्यात आले' दिसलं की अनेकांना वाटतं की ही सरकारी शेपूट कायम 'आले'च असते. तसं नाही. पाने मोकळी आहेत, म्हणून 'पाने जाळण्यात आली'. कचरा असता तर 'जाळण्यात आला'.

केळीबाग_रावेर

हे समजलं. पण मग चौथं? शेतकऱ्यांना बांधलेलं, तज्ज्ञांनी बांधलेलं. तरी 'केले' बरोबर. म्हणजे तो भावे ना?

जुनी_मुद्रितशोधक

तिथेच फसायला होतं. बदलून बघा: तज्ज्ञांनी शेतकऱ्यांना मदत केली. तज्ज्ञांनी शेतकऱ्यांना उपदेश केला. क्रियापद हललं. म्हणजे 'मार्गदर्शन' हेच मोकळं कर्म आहे, ते नपुंसकलिंगी एकवचनी निघालं म्हणून 'केले' आलं. वाक्य कर्मणी आहे. क्रियापदाच्या शेवटी 'ले' बघून प्रयोग ठरवता येत नाही, तो नाम बदलूनच ठरतो.

आणि 'ले'बद्दल तुमचे सर कानाचं म्हणतात त्यातही तथ्य आहे. लिहिताना एकच 'ले' दोन कामं करतो. 'घड कापले' यातला 'ले' पुल्लिंगी अनेकवचनाचा, तो बोलतानाही 'ले'च राहतो. 'खोड कापले' यातला नपुंसकलिंगी एकवचनाचा, तो बोलताना 'कापलं' होतो. भावेतला 'ले'ही असाच: 'सभासदांना बोलावलं'. तुम्ही 'रोपं दिलं' असं कधी म्हणाल का? नाही म्हणणार. कागदावर 'दिले' लिहिलं की मात्र ते डोळ्यांना पुल्लिंगी अनेकवचनासारखं दिसतं, रोपेही अनेकवचनी, आणि चूक निसटते. 'झाडे लावले', 'पुस्तके वाटले' ही सगळी याच वाटेने येतात.

अक्षरजुळणी_धुळे

आमच्याकडे रोज वेगळाच त्रास. फलकावर 'सर्व ग्रामस्थांना कळविण्यात येते की' असं जुळवलं, तर एक गिऱ्हाईक हटून बसलं की ग्रामस्थ पुष्कळ आहेत, 'येतात' करा. शेवटी करून दिलं. माझं बरोबर होतं ना?

जुनी_मुद्रितशोधक

तुमचंच बरोबर. ग्रामस्थांना 'ना' लागलाय आणि कळवायची गोष्ट 'की'च्या पुढे अख्ख्या वाक्यात आहे. मोकळं नाम नाहीच, म्हणून 'येते'. 'ग्रामस्थांना सूचना देण्यात येतात' असं असतं तर सूचनांमुळे 'येतात' झालं असतं.

शहादा_अभ्यासिका

स्पर्धा परीक्षेची तयारी करतोय, म्हणून मध्ये बोलतो. दुसऱ्या वाक्याला तुम्ही सगळे चूक म्हणताय, पण 'आईने मुलाला शाळेत घातला' हे उदाहरण आम्हाला कर्म-भाव संकर म्हणून शिकवतात. तिथे 'मुलाला' बांधलेलं आहे, तरी क्रियापद पुल्लिंगी. मग 'महिला सभासदांना बोलावल्या' हाही संकरच झाला. व्याकरणात ज्याला नाव आहे ते चूक कसं?

जुनी_मुद्रितशोधक

प्रश्न रास्त आहे. 'पोलिसांनी चोराला पकडला', 'तिला बोलावली' असं लोक सर्रास बोलतात, व्याकरणाने त्याची नोंद घेतली आहे, आणि मी त्याला अमराठी म्हणणार नाही. माझी नाम बदलायची कसोटीही तिथे लंगडी पडते, कारण 'ला' लागूनही क्रियापद हलतं. पण अहवालासारख्या लेखनात मी 'बोलावले' असंच ठेवीन. नोंद आहे याचा अर्थ प्रमाण लेखनात तेच लिहावं असा मी घेत नाही.

शहादा_अभ्यासिका

मला अजून पटलं नाही. बोलणारे इतके असतील तर लिहिताना अडवायचं कशाला? पण अहवाल ताईंचा आहे, मी ताणत नाही.

केळीबाग_रावेर

मी 'बोलावले' करते. अजून एक अडचण. अध्यक्षांच्या मनोगतात 'मी यंदा दोन हजार रोपे लावली' असं आहे. 'मी'ला तर काहीच चिकटलेलं नाही. मग कर्ता मोकळा झाला की!

जुनी_मुद्रितशोधक

मी, तू, आम्ही, तुम्ही दिसायला मोकळे, पण 'ने' त्यांच्यात मुरलेला असू शकतो. त्यांच्या जागी 'तो' आणि 'त्याने' दोन्ही घालून बघा. 'त्याने रोपे लावली' जमतं, 'तो रोपे लावला' जमत नाही. म्हणजे कर्ता बांधलेला, वाक्य कर्मणी. 'लावली' बरोबर.

पण पुढे कुठे 'आम्ही नवी पद्धत शिकलो' असं वाक्य असेल तर त्याला हात लावू नका. तिथे 'ते पद्धत शिकले' जमतं. शिकणे, विसरणे, नेसणे अशी काही क्रियापदं कर्म असूनही भूतकाळात कर्त्यामागेच जातात. ती साडी नेसली, तो किल्ली विसरला. 'पाणी प्यायलो' आणि 'पाणी प्यायले' मात्र दोन्ही चालतात.

सातपुडा_पायथा

माझा 'ला दिसला की भावे' मागे घेतो. पाचव्याचं मात्र मी सांगतो, आमचीही केळीच आहे. बागेबद्दल बोलताना आम्ही 'यंदा केळी चांगली आली आहे' असंच म्हणतो. 'आली आहेत' कोणी म्हणत नाही.

जुनी_मुद्रितशोधक

आणि तेच बरोबर आहे. पीक म्हणून 'केळी' स्त्रीलिंगी एकवचनी, ज्वारीसारखी. फळ म्हणजे केळे, नपुंसकलिंगी, त्याचं अनेकवचनही 'केळी'. नुसतं 'केळी लावली' आणि 'केळी खाल्ली' लिहिलं तर फरक दिसतच नाही, दोन्हीकडे 'ली'. पुढे आहे-आहेत आलं की उघडं पडतं. ४० एकरांवर केळी लावण्यात आली आहे, कारण ते पीक. दिल्लीला केळी पाठवण्यात आली आहेत, कारण ती फळं. 'रोपे दिली'मध्येही हेच: नपुंसकलिंगी अनेकवचनाचा 'ली' स्त्रीलिंगी एकवचनासारखा दिसतो, म्हणून तपासताना वाक्याच्या शेवटी मनात 'आहेत' जोडून बघावं.

केळीबाग_रावेर

म्हणजे सरांचे चारही बदल बरोबर होते, आणि चौथं त्यांनी सोडलं तेही. आज संध्याकाळी त्यांना कारणांसकट दाखवते. शेवटचं एक: 'गटाने प्रत्येक वाडीला शंभर रोपे व एक फवारणी पंप...' पुढे दिली, दिले की दिला?

जुनी_मुद्रितशोधक

मी जवळच्या नामाकडे बघून 'दिला' लिहीन.

सातपुडा_पायथा

शंभर रोपं दिली आणि वाचणाऱ्याला एक पंप 'दिला' तेवढंच कळणार. मी तर 'दिले' लिहीन, सगळं मिळून.

अक्षरजुळणी_धुळे

'प्रत्येक वाडीला शंभर रोपे दिली आणि सोबत एक फवारणी पंपही दिला.' ताई, एक ओळ वाढेल, पानात बसते. असंच करा.

केळीबाग_रावेर

असंच केलं.