‘रेषीय कला’ आणि ‘स्थिर समूहविलंब’: हे शब्द वाचणाऱ्याला काय सांगतात?

अर्धमात्रा: सममित गुणकांच्या एफआयआर फिल्टरवर विद्यार्थ्यांसाठी एक टिपण लिहिते आहे. ‘लिनियर फेज’साठी ‘रेषीय कला’ आणि ‘ग्रुप डिले’साठी ‘समूहविलंब’ हे शब्द घेतले. त्यातून असं वाक्य तयार झालं: ‘सममित फिल्टरची कला रेषीय असते, म्हणून त्याचा समूहविलंब स्थिर असतो.’ दोघांना वाचायला दिलं. एकाने विचारलं, स्थिर म्हणजे वेळेनुसार न बदलणारा का? दुसरी म्हणाली, यातून तरंगाचं नक्की काय होतं ते कळलंच नाही. शब्द बदलू की वाक्य?

कुतूहल: ‘रेषीय’ शब्द चांगला आहे की. इनपुट दुप्पट केला तर आउटपुट दुप्पट होतो, दोन सिग्नलांची बेरीज दिली तर उत्तरांचीही बेरीज मिळते, म्हणून फिल्टर रेषीय. आणि रेषीय असल्यामुळे तरंगाचा आकार बिघडत नाही.

दोलक: इथे दोन वेगळ्या गोष्टी एकत्र झाल्या आहेत. तुम्ही सांगता ती रेषीयता सगळ्याच एफआयआर फिल्टरांत असते, गुणक कसेही वेडेवाकडे असले तरी. ‘रेषीय कला’ मधली रेषा आलेखावरची आहे. आडव्या अक्षावर वारंवारता आणि उभ्या अक्षावर फिल्टरने प्रत्येक वारंवारतेला किती अंश मागे ढकललं ते. हे बिंदू सरळ रेषेवर पडतात, एवढंच तो शब्द सांगतो. एकच ‘रेषीय’ दोन्हीकडे वापरल्यामुळे हा गोंधळ मी अनेकदा पाहिला आहे.

थरथर: माझ्याकडे तर रेषाही दिसत नाही. यंत्राच्या कंपनांची मोजणी करतो, सेकंदाला 1000 नमुने. 101 गुणकांचा सममित फिल्टर लावला. फेजचा आलेख काढला तर करवतीसारखे दात आले. आणि प्रत्येक शिखर मूळ नोंदीपेक्षा उशिरा दिसतं. फिल्टर बिघडला आहे का?

दोलक: बिघडलेला नाही. तुमचेच आकडे घेऊन सांगतो, म्हणजे अर्धमात्रांच्या प्रश्नाचंही उत्तर मिळेल.

101 गुणकांत मधल्याच्या दोन्ही बाजूंना 50-50 गुणक येतात. मध्यापासून सारख्या अंतरावरच्या दोन गुणकांची किंमत सारखी. त्यातला एक तरंगाला मध्याच्या जितका पुढे ओढतो, दुसरा तितकाच मागे. त्यामुळे ती ओढाताण मिटते आणि उरतो फक्त मध्याचा उशीर: 50 नमुने, म्हणजे 50 मिलिसेकंद. हे वारंवारता कोणतीही असली तरी खरं आहे. तुमची शिखरं एवढीच उशिरा येत असणार.

आता 5 हर्ट्‌झचा तरंग घ्या. त्याचं एक आवर्तन 200 मिलिसेकंदांचं, म्हणून 50 मिलिसेकंद म्हणजे पाव आवर्तन, 90 अंश. 15 हर्ट्‌झसाठी तेच 50 मिलिसेकंद पाऊण आवर्तन होतात, 270 अंश. वारंवारता तिप्पट, अंशही तिप्पट. रेषा सरळ येते ती यामुळे. आणि 20 हर्ट्‌झला पूर्ण 360 अंश होतात. आलेख काढणारा प्रोग्रॅम तिथे आकडा पुन्हा मागे आणतो, म्हणून दर 20 हर्ट्‌झला एक दात. दात एकापुढे एक जोडले की रेषा दिसेल. ज्या पट्ट्यात फिल्टर सिग्नल अडवतो तिथे मधूनमधून 180 अंशांच्या आणखी उड्या दिसतील. तिथे आयाम शून्यातून जाऊन चिन्ह बदलतं, त्याची काळजी नको.

थरथर: जुळलं. दात 20 हर्ट्‌झलाच आहेत. फिल्टर केलेली नोंद 50 नमुने मागे सरकवली तर शिखरं मूळ शिखरांवर बसली.

अर्धमात्रा: मग ‘स्थिर’ऐवजी ‘सर्व वारंवारतांना सारखा’ लिहायला हवं. वेळेनुसार न बदलणं तर कुठल्याही साध्या फिल्टरला लागू आहे, तो मुद्दाच नाही. पण एक अडलं: सारखे अंश मागे गेले काय आणि सारखा वेळ मागे गेला काय, आकारात इतका फरक पडतो?

दोलक: खूप पडतो. 1 उंचीचा 5 हर्ट्‌झचा साइन तरंग घ्या आणि त्यात एक तृतीयांश उंचीचा 15 हर्ट्‌झचा मिळवा, दोन्ही शून्यापासून चढत निघणारे. बेरजेचा माथा पसरट येतो, चौकोनी तरंगाकडे झुकणारा. जास्तीत जास्त उंची 0.94, आणि बरोबर मध्यावर थोडा खळगा, 0.67. दोघांना 50 मिलिसेकंद उशीर झाला तर हाच माथा 50 मिलिसेकंदांनी दिसेल, आकार तोच. पण दोघांना 90-90 अंश मागे ढकललं तर दोघांची शिखरं एकावर एक येतात आणि पसरट माथ्याच्या जागी 1.33 उंचीचं टोक उभं राहतं. वारंवारता त्याच, आयाम तेच, आणि आकार ओळखू येणार नाही.

कुतूहल: म्हणजे रेषीय कला असली की आकार राहतो, हे माझं म्हणणं आता तरी बरोबर?

दोलक: फिल्टर ज्या वारंवारतांना जवळपास सारख्या उंचीने जाऊ देतो तेवढ्यांपुरतं बरोबर. 15 हर्ट्‌झ अडवलं तर पसरट माथा जाऊन नुसता साइन उरेल, उशीर कितीही सारखा असो. शिवाय अचानक चढणाऱ्या कडेला तीव्र कापणारा सममित फिल्टर कडेच्या नंतर लहरी उठवतो तशा आधीही उठवतो. सममितीमुळेच. कंपनांत धक्क्याची सुरुवात कधी झाली हे शोधायचं असेल तर या आधीच्या लहरी फसवतात.

समचलन: शब्दाबद्दल मला वेगळी हरकत आहे. मी गणित शिकवते. y = mx + c हीसुद्धा रेषाच. c शून्य नसेल तर?

दोलक: मुद्दा अगदी नेमका पकडलात. गुणक प्रतिसममित असले, म्हणजे मध्याच्या दोन्ही बाजूंना किंमत तीच पण चिन्ह उलट, तर तो c 90 अंशांचा असतो. 101 गुणकांत समूहविलंब तेव्हाही 50 नमुनेच भरतो, कारण तो रेषेच्या उतारावरून काढतात आणि उताराला c दिसत नाही. पण सगळ्या वारंवारतांना वरून 90 अंश बसतात. वरच्या उदाहरणातलं टोक तिथे खरोखर उभं राहतं.

समचलन: म्हणजे ‘समूहविलंब सारखा, म्हणून आकार टिकतो’ हे वाक्य अपुरं आहे. मग सममित फिल्टरसाठी ‘समप्रमाणी कला’ म्हणा. शाळेत समचलन शिकलेल्याला लगेच कळेल की वारंवारता शून्य तेव्हा अंशही शून्य.

अर्धमात्रा: शब्द आवडला. पण इतर पुस्तकांत मुलांना ‘रेषीय’च भेटेल.

दोलक: आणि प्रतिसममित फिल्टरही रूढ भाषेत ‘लिनियर फेज’मध्येच मोजतात. ‘समप्रमाणी’ म्हटलं तर ते बाहेर पडतात. मी तरी ‘रेषीय’ ठेवून पुढे ‘शून्यातून जाणारी’ असं जोडेन.

थरथर: ‘समूह’ कोणाचा ते अजून कोणी सांगितलं नाही.

दोलक: जवळजवळच्या वारंवारतांचा. त्या एकत्र आल्या की तरंगांचा एक झुबका दिसतो, आणि त्या झुबक्याच्या बाह्यरेषेला लागणारा उशीर म्हणजे समूहविलंब. प्रतिसममित फिल्टरमध्ये बाह्यरेषा वेळेवर पोचते, आतले चढउतार मात्र तिच्याखाली सरकलेले असतात.

समचलन: मग ‘झुबक्याचा उशीर’ हेच जास्त खरं आहे.

अर्धमात्रा: टिपणात आता असं लिहिते: ‘सममित फिल्टर प्रत्येक वारंवारतेला सारखाच वेळ थांबवतो, कलेचा आलेख शून्यातून जाणारी सरळ रेषा असतो.’ ‘समूहविलंब’ त्यापुढच्या परिच्छेदात, झुबक्याच्या चित्रासोबत. 100 गुणक घेतले तर उशीर साडेएकोणपन्नास नमुन्यांचा येतो. अर्धा नमुना मुलांना कसा समजावायचा, ते अजून सुचलेलं नाही.