टीम चार्टरमध्ये ‘सगळे निर्णय एकमताने’ लिहायचं का?

सेम६_सोलापूर:
सेमिस्टर प्रोजेक्टसाठी गाईडनी टीम चार्टर मागितलाय. आम्ही पाच जण आहोत. माझ्या मते तीन ओळी पुरेत: सगळे निर्णय एकमताने, उशिरा येणाऱ्याला ५० रुपये दंड, मीटिंग दर रविवारी सकाळी दहाला. मित्रच आहोत, अजून काय लिहायचं? उगाच चार पानं भरून घेतात. मार्कांपुरतं झालं म्हणजे झालं.

उजनीकाठ:
मित्रा, तुझी पहिली ओळ वाचून गप्प बसवेना. आमच्या चार्टरमध्ये हीच ओळ होती आणि तिच्यापायी आमचे पाच आठवडे गेले.

आमचा विषय घरच्या पाण्याच्या टाकीचा. आपल्याकडे नळाला रोज पाणी येत नाही, त्यामुळे टाकीत किती उरलंय ते मोबाईलवर दिसावं, एवढंच करायचं होतं. पहिलाच प्रश्न, झाकणाखालून पाण्यापर्यंतचं अंतर मोजणारा सेन्सर कुठला घ्यायचा. एक जण म्हणाला HC-SR04 घ्या, स्वस्त आहे आणि त्याचा कोड सगळीकडे मिळतो. बार्शीहून येणारी मैत्रीण म्हणाली, बंद टाकीत ओल धरते आणि त्याचं तोंड उघडं असतं, त्यामुळे वॉटरप्रूफ JSN-SR04T घेऊ. दोघंही हटेनात. एकमत होईपर्यंत थांबायचं असं आम्हीच लिहिलेलं, म्हणून दोन आठवडे काहीच मागवलं नाही.

मग एका रात्री पावणेबाराला कुणीतरी ग्रुपवर टाकलं, “स्वस्तातला घेऊ, चालेल त्यांनी अंगठा द्या.” तीन अंगठे आले. बार्शीवाली एसटीत होती, तिला रेंज नव्हती, आणि पाचवा झोपला होता. सकाळी ऑर्डर गेली. तीन आठवड्यांनी टाकीतलं रीडिंग ४० सेंटीमीटरवरून एकदम १८० वर उडी मारायला लागलं. झाकण उघडून पाहिलं तर सेन्सरच्या तोंडावर पाण्याचे थेंब.

खरं भांडण तेव्हा झालं. तिघं म्हणाले, “तुम्ही नाही म्हणाला नव्हता.” दोघं म्हणाले, “आम्ही हो कधी म्हणालो?” चार्टरमध्ये ‘एकमत’ एवढाच शब्द. गप्प बसणं म्हणजे होकार की गैरहजेरी, हे कुणीच लिहिलं नव्हतं.

त्यानंतर आम्ही तो कागद पुन्हा लिहिला. जो निर्णय फिरवायला एक दिवसही लागत नाही, म्हणजे बटणाचा रंग किंवा फाईलचं नाव, तो ज्याच्याकडे ते काम आहे त्याने एकट्याने घ्यायचा आणि ग्रुपवर कळवायचं. ४८ तासांत कुणी हरकत घेतली नाही तर पक्का. जो फिरवायला पैसे किंवा आठवडाभर काम लागतं, तो चॅटवर घ्यायचाच नाही. प्रत्यक्ष किंवा कॉलवर पाचपैकी किमान चार जण हवेत, आणि इथे गप्प बसणारा गैरहजर धरायचा.

मोठ्या निर्णयाला हात वर करण्याऐवजी बोटं दाखवायची. पाच बोटं म्हणजे मनापासून पटलं. तीन म्हणजे मी हे निवडलं नसतं, पण यावर नीट काम करीन. एक बोट किंवा मूठ दाखवली तर कारण सांगायचं, आणि काय बदललं तर तीनवर येशील तेही सांगायचं. एकमत म्हणजे सगळ्यांना आवडणं नव्हे, सगळ्यांनी ते निभावायला तयार असणं, हे आम्हाला तेव्हा उमगलं.

सेन्सरचा प्रश्न पुन्हा घेतला तेव्हा JSN ला चार, चार, तीन, तीन आणि एक अशी बोटं आली. एकवाला तोच, आधीचा सेन्सर सुचवणारा. त्याचं म्हणणं, “दुसऱ्यांदा पैसे घालायचे तर आधी दाखवा.” मग वर्गमित्राकडून एक JSN उसना घेतला, अर्ध्या भरलेल्या ड्रमच्या झाकणाला आतून दोन्ही बसवले आणि रात्रभर ठेवले. सकाळी जुना भरकटलेला, नवा जागेवर. तो तीनवर आला. त्याच चाचणीत आणखी एक गोष्ट कळली. नवा सेन्सरही साधारण २० सेंटीमीटरपेक्षा जवळचं पाणी नीट मोजत नाही, म्हणून तो भरलेल्या पातळीच्या बराच वर बसवावा लागतो. पहिल्याच दिवशी नीट बोललो असतो तर हे तेव्हाच कळलं असतं.

सरळबोल:
एवढं सगळं कशाला? टीम लीडर नेमा, तो सांगेल ते फायनल. आमचं तसंच चाललं आणि वेळेत झालं. बोटं काय दाखवत बसायचं, शाळा आहे का?

उजनीकाठ:
लहान निर्णयांना तुमचं बरोबर आहे, तिथे एकानेच ठरवावं. पण आमच्यात लीडर होता. रात्री पावणेबाराला अंगठे मागणारा तोच. ओलीबद्दल ज्या एकीला माहीत होतं ती एसटीत होती.

सरळबोल:
म्हणजे तुमचा लीडर कच्चा होता. चांगला लीडर आधी विचारतो. बरं, ‘आधी कुणाला विचारायचं’ हे लिहून ठेवावं, एवढं मान्य. पुढचं नाही.

बार्शी_एसटी:
कुणी त्या रविवार सकाळी दहाबद्दल बोलेल का? मी पण बार्शीची, ७० किलोमीटर. दहाला पोहोचायचं तर घरून सातच्या आत निघावं लागतं, आणि गाडी भरून गेली की पुढच्या गाडीची वाट. गेल्या सेमिस्टरला उशिराचा दंड ५० रुपयेच होता. मी चार वेळा भरला. हॉस्टेलवाले दहा मिनिटांत चालत यायचे, त्यांनी एकदाही नाही. हा नियम सगळ्यांना सारखा दिसतो, पण पडतो एकीवरच.

सेम६_सोलापूर:
पण दंड नसेल तर कोण वेळेवर येतंय? आमच्यात एक जण रोज अर्धा तास उशिरा येतो आणि तो सात रस्त्यावर राहतो. त्याला बस पण लागत नाही.

खडू_फळा:
मी शिकवतो, दरवर्षी असे चार्टर तपासतो. दंड जवळजवळ प्रत्येकात असतो आणि जवळजवळ प्रत्येक टीममध्ये फसतो. इस्रायलमधल्या हैफा शहरात १० पाळणाघरांवर अभ्यास झाला होता, २००० साली प्रसिद्ध झाला. त्यांतल्या सहा ठिकाणी मुलाला न्यायला उशीर करणाऱ्या पालकांना १० शेकेल दंड लावला. उशीर कमी होण्याऐवजी वाढला, आणि दंड काढल्यावरही खाली आला नाही. आधी बाईंना ताटकळत ठेवल्याची लाज वाटायची, नंतर पैसे भरले की मोकळे. तुमच्या सात रस्तावाल्यालाही ५० रुपयांत अर्धा तास विकत मिळेल.

सेम६_सोलापूर:
सर, पाळणाघर आणि आमची टीम एकच का?

गटाची_ताई:
मधे बोलते, राग मानू नका. मुलगी कॉलेजात आहे म्हणून वाचत होते. माझा बचत गट बारा वर्षांचा. आमच्यात बैठकीला न येणारीला आणि उशिरा येणारीला दंड आहे आणि तो चालतो. सर म्हणतात तसं आमच्यात एकदाही झालं नाही. पैसे मोठे नाहीत, पण वहीत नावापुढे सगळ्यांसमोर लिहिले जातात, आणि गटाच्याच खात्यात जमा होतात. कुणी भजी खाऊन संपवत नाही. बाळंतीण, आजारपण, मयत, याला दंड नाही, हे पहिल्या दिवशीच ठरलं.

खडू_फळा:
ताई, तुमच्या गटाची गोष्ट वेगळी आहे. तिथे कर्ज मिळायचं असतं, म्हणून बायका येतात.

गटाची_ताई:
सर, कर्ज न घेणाऱ्या पण येतात. तुम्ही एकदा बैठकीला या आणि मग सांगा. परदेशातलं पाळणाघर तुम्हाला माहीत, अक्कलकोट रोडच्या मागचा गट माहीत नाही.

खडू_फळा:
हे लागलं. ठीक आहे. नियम ज्यांना लागू आहे त्यांनीच बसून केला, पैसे त्यांच्यातच राहिले आणि सवलती आधीच लिहिल्या, तर दंड टिकत असेल. माझ्याकडे येणाऱ्या चार्टरमध्ये हे तिन्ही नसतं. तरी विद्यार्थ्यांना मी दंड सुचवणार नाही.

बार्शी_एसटी:
ताई, सवलतीची ती ओळ आमच्या चार्टरमध्ये असती तर माझे २०० रुपये वाचले असते.

नव्या_पेठेतली:
सगळे दंडावर अडकलेत. मिनिट्स कोण लिहितं ते विचारा! चार सेमिस्टर, चार टीम, आणि प्रत्येक वेळी “तुझं अक्षर छान आहे” म्हणून वही माझ्याकडे. लिहिताना बोलता येत नाही. निर्णय त्यांनी घ्यायचे आणि शेवटी व्हायवामध्ये परीक्षक विचारतात, “तू काय केलंस?” मी काय सांगू, वही?

सरळबोल:
नाही म्हणायचं होतं. कुणी जबरदस्ती केली का?

नव्या_पेठेतली:
चार मुलगे आणि मी एकटी, पहिली मीटिंग, आणि नाही म्हणायचं? तुम्ही कधी तसे बसलात का? म्हणूनच कागदावर हवं. या वेळी मी लिहून घेतलं: वही रोल नंबरच्या क्रमाने फिरेल, आणि जो लिहितो त्याची बोटं सगळ्यात आधी विचारायची. दोघांनी तोंड वाकडं केलं, पण सही केली.

उजनीकाठ:
हे आमच्यात नव्हतं आणि असायला हवं होतं. आमच्याकडेही वही बार्शीवालीकडेच असायची. सेन्सरच्या पहिल्या चर्चेत ती लिहीत होती, आत्ता आठवलं.

वहीत काय लिहायचं तेही सांगतो. कोण काय बोललं ते सगळं लिहू नका, कुणी वाचत नाही. आमची नोंद अशी होती:

```
तारीख: १२ सप्टेंबर
निर्णय: JSN-SR04T घ्यायचा
सोडलेला पर्याय: HC-SR04
कारण: ओल; ड्रममध्ये रात्रभर चाचणी
बोटं: ४ ४ ३ ३ ३
पुन्हा उघडायचा: २० सेंमीची अडचण सुटली नाही तर
```

शेवटची ओळ सगळ्यात कामाची. तिथे लिहिलेलं घडलं किंवा नवी माहिती आली, तरच निर्णय परत काढायचा. “मला आता वेगळं वाटतंय” एवढ्यावर नाही.

सरळबोल:
आणि बोटं दाखवूनही अडलं तर? एक जण मूठच धरून बसला तर? सेमिस्टर पंधरा आठवड्यांचं असतं.

उजनीकाठ:
त्याने मागितलेली चाचणी एकदा करायची, आठवड्याच्या आत. तरी अडलं तर मतदान, पण हजर असलेल्यांत बहुमत पुरत नाही, पाचपैकी तीन मतं हवीत. चार हजर असून दोन-दोन झाले तर पाचव्याला फोन. गाईडकडे सगळ्यात शेवटी.

खडू_फळा:
गाईडकडे शेवटी, हे मला पटत नाही. सुरक्षिततेचा किंवा खर्चाचा प्रश्न असेल तर पहिल्याच दिवशी या. टाकीजवळ वायरिंग करताना बोटं मोजत बसू नका.

उजनीकाठ:
सुरक्षिततेचं मान्य, सर. खर्चाचं नाही. खर्च आमच्या खिशातला होता.

सेम६_सोलापूर:
बरं. एकमताची ओळ बदलतो. लहान आणि मोठे निर्णय वेगळे करतो, वही रोल नंबरप्रमाणे फिरवतो. मीटिंग बुधवारी लॅबनंतर ठेवली तर सगळे कॉलेजमध्येच असतात. दंड मात्र ठेवणार, पण ताई म्हणतात तसा: पैसे प्रोजेक्टच्या सामानाला, आणि सवलती आधी लिहून.

बार्शी_एसटी:
बुधवारी लॅब किती वाजता सुटते? शेवटची गाडी चुकेल का ते बघ, मग लिही.