तीन म्हणजे अंजीर, मौज म्हणजे केळं: अरबी पाठ करायला मराठी शब्द जोडावे का?

सुदामानगरची:
मला मस्कतला एका दवाखान्यात लॅबचं काम मिळालंय, निघायला चार महिने आहेत, तोवर कामापुरती अरबी शिकून राहिलेय. शब्द डोक्यात थांबतच नाहीत म्हणून सारखा वाटणारा मराठी शब्द जोडते. तीन म्हणजे अंजीर, मौज म्हणजे केळं, जार म्हणजे शेजारी, शहर म्हणजे महिना. साठेक झालेत. क्लासचे सर म्हणतात हे बंद करा, पुढे नुकसान होईल. खरंच होतं का?

पलासियाकर:
काही नुकसान नाही, करत राहा. १९७५ मध्ये अमेरिकेत अ‍ॅटकिन्सन आणि रॉ या दोघांनी रशियनचे १२० शब्द घेऊन हेच करून बघितलं होतं, युक्तीवाल्यांना ७२ टक्के आठवले आणि बाकीच्यांना ४६. दीड महिन्याने परत विचारलं तेव्हा दोघांचंही गळलं होतं पण तरी युक्तीवाले पुढेच. चार महिन्यांत निघायचंय म्हटल्यावर व्याकरणाची पोथी घेऊन बसायला वेळ कुठाय? ताटात तीन अंजिरं ठेवा न चित्र डोळ्यासमोर आणा, झालं.

राजवाड्यामागे राहतो:
भिया, रशियनचं रशियनला. अरबीत गोष्ट वेगळी आहे आणि ती नेमकी त्या अंजिरातच आहे. अरबीत त दोन आहेत. एक आपला साधा त, तारीख मधला. दुसरा जाड, तबियत मधला, त्यात जिभेचं टोक दातामागेच राहतं पण मागची बाजू टाळूकडे ओढली जाते आणि पुढचा स्वरही घशातून आल्यासारखा घोगरा होतो. साध्या त चा तीन म्हणजे अंजीर. जाड त चा तीन म्हणजे चिखल, माती. आपण तारीख न तबियत दोन्हीकडे एकच त म्हणतो, मग कानाला फरक कळणार कसा?
मी स्वतः फसलोय. क्लासमध्ये श्रुतलेखन होतं, वाक्य होतं की मुलाचे कपडे चिखलाने भरले, आणि मी वहीत मुलाचे कपडे अंजिराने भरवले. युक्ती चालली नाही असं नव्हतं हो, जास्तच चालली! आवाज कानावर पडला रे पडला की अंजीर हजर, पुढे ऐकायची गरजच नाही वाटली. सर ओरडतात ते यासाठी.
हाच घोळ क चा. किताब मधला क आणि कलम मधला क वेगळे. पहिल्या क ने कल्ब म्हणाल तर कुत्रा, दुसऱ्या, पडजिभेकडच्या क ने म्हणाल तर हृदय. दवाखान्यात जाणार ना तुम्ही?

सुदामानगरची:
बापरे, कुत्रा-हृदयवाली जोडी माझ्या वहीत आहे आणि दोघांपुढे मी एकच "काळीज" लिहून ठेवलंय 😬

छप्पनचा खवय्या:
एवढं घाबरायचं कारण नाही, अर्धी मराठी अरबीच आहे. खुर्ची बघा, त्यांची कुर्सी. फक्त बघा, तिकडेही फकत म्हणजे फक्तच. खलास, बाकी, सबब, जवाब, हिशेब, काही पाठ करायलाच नको. बकरा पण तिकडचाच, बकरा म्हणजे बकरा. शहर पण त्यांचंच. जिथे सारखं वाटतं तिथे सारखंच असतं, बिनधास्त बोला.

मोडीवाचक:
खवय्या साहेब, पहिल्या ओळी बरोबर, शेवटी गाडी घसरली. अरबीत बकरा म्हणजे गाय. एक गाय बकरा, गुरं सगळी मिळून बकर. आपला बकरा संस्कृत बर्कर मधून आलेला आहे, त्याचं आणि त्या गाईचं नातं नाही. शहर हा फारसी, त्याचा अर्थ नगरच. अरबीत तसाच वाटणारा शह्र म्हणजे महिना आणि नगराला मदीना. म्हणजे ताईंची महिन्याची जोडी बरोबर आणि तुमची चुकीची, दिसायला मात्र तुमची साधी न सरळ.
मी निवृत्तीनंतर हौसेने होळकरी मोडी कागद वाचतो, त्यात फारसी-अरबी शब्द पावलोपावली येतात, म्हणून सांगतो. मला भीती अंजिराची नाही वाटत. तीन न अंजीर ही जोडी आपण बनवलेली आहे हे पोरालाही कळतं, त्यामुळे तिच्यावर कोणी आंधळा विश्वास ठेवत नाही. फसवतात ते खरे नातेवाईक. शब्द खरोखर अरबीच, पण फारसीच्या घरी राहून आपल्याकडे येईपर्यंत अर्थ बदललेला. गरीब तिकडे परका, विचित्र. पैसे नसलेला तो फकीर. कायदा म्हणजे पाया, नियम. सरकारी कायद्याला कानून. वकील म्हणजे मुखत्यार, प्रतिनिधी; कोर्टातल्याला मुहामी. तारीख म्हणजे तारीखही आणि इतिहासही.

मस्कतहून परतले:
काकांनी तक्रार सोडली की हो! ते माझ्याकडून ऐका. मी तिकडे नऊ वर्षं होते. पहिल्याच उन्हाळ्यात एसी बंद, इमारतीची देखभाल बघणाऱ्याला फोन लावला, तक्रार हा शब्द अरबी आहे हे माहीत होतं म्हणून ऐटीत म्हटलं, तकरार, तकरार. त्याने आपलं आधीचं वाक्य जसंच्या तसं परत म्हटलं. मी आवाज चढवून तकरार. त्याने आणखी हळू, एकेक शब्द सुटा करून तेच परत म्हटलं, बिचारा. चार वेळा झालं असं. शेवटी शेजारची सुदानी बाई आली न हसत सुटली. तकरार म्हणजे पुनरावृत्ती, मी त्याला "पुन्हा, पुन्हा" सांगत होते आणि तो इमानाने ऐकत होता. तक्रारीला शकवा म्हणतात. आपल्याकडे त्याचं भांडण कसं झालं देव जाणे, एकच गोष्ट उगाळत बसतो म्हणूनही असेल.
आणि हो ताई, शेजाऱ्याचा जार मस्कतमध्ये बऱ्याच जणांच्या तोंडी गार होतो, ज चा ग करतात. पुस्तकात जार, जिन्यात गार.

गर्जे मराठी:
म्हणजे शेवटी हेच सिद्ध झालं ना की हे परके शब्द मराठीत ठेवूच नयेत? शिवाजी महाराजांनी राज्यव्यवहारकोश उगाच करून घेतला का? खुर्ची नको, आसन म्हणा.

मोडीवाचक:
दादा, प्रश्न मराठीतून शब्द काढायचा नाहीये, ताईंना अरबी शिकायची आहे. आणि कोश झाल्यावरही कागदांत बाब, ऐन, मजकूर राहिलेच, मी रोज वाचतो.

पलासियाकर:
पण काका, खरे नातेवाईक फसवतात म्हटलं की ताईंच्या हातात उरतं काय? खोट्या जोड्या सर नको म्हणतात, खऱ्या तुम्ही नको म्हणता.

मोडीवाचक:
नको म्हणत नाही, तपासून घ्या म्हणतो. मौज घ्या. केळं म्हणजे मौज हे ताईंना कसं सुचलं? आपण मौज म्हणताना जावयातला ज वापरतो, जेवणातला नाही. केळ्याच्या अरबी शब्दात शेवटी जो आवाज आहे तो जावयातल्या ज च्या जवळचा, पण जीभ टेकवायची नाही, नुसतं घासायचं. जोडी कानाला बसते, पण योगायोगाने. आपल्या मौज शब्दाचं खरं मूळ अरबीच आहे आणि ते जेवणातल्या ज चं, त्याचा अर्थ लाट. लाटेवरून मनाची लहर, लहरीवरून मजा. म्हणजे एकाच मराठी मौजेला दोन अरबी शब्द चिकटतात, नात्याने लाट आणि आवाजाने केळं. वहीत दोन्ही लिहायचे असतील तर केळ्यापुढे "जावई" आणि लाटेपुढे "जेवण" एवढं लिहा, गोंधळ होणार नाही.
तपासायचं कसं, तर मोल्सवर्थचा कोश उघडा. १८५७ च्या आवृत्तीत शब्दापुढे कंसात खूण असते, अरबी की फारसी की संस्कृत. अरबी खूण नसेल तर जोडी तुमची बनावट, चित्र म्हणून खुशाल वापरा. अरबी खूण असेल तर तिथे थांबू नका, हान्स वेअरच्या अरबी कोशात आजचा अर्थ बघा. त्यात शब्द धातूखाली लावलेले असतात त्यामुळे पहिले आठ दिवस सापडणार नाही काही. कधी कधी बक्षीसही मिळतं. आपलं ऐन म्हणजे अरबी अैन, डोळा. डोळा, मग वस्तूचं मूळ स्वरूप, मग ऐन जिनसी, ऐन वेळी. एकदा समजल्यावर डोळ्यासाठी वेगळी युक्ती लागत नाही. त्या अै साठी घसा मात्र आवळावा लागतो, ते कोश नाही शिकवत.

राजवाड्यामागे राहतो:
सगळं मान्य, पण एक राहिलं. ही युक्ती एकाच दिशेने पळते. तीन ऐकलं की अंजीर आठवतं. बाजारात समोर अंजीर दिसलं की तीन आठवतं का? मी झाकून बघितलं, एका बाजूने वीसपैकी सतरा, उलट्या बाजूने नऊ. आणि अनेकवचन? कल्ब पासून किलाब, शह्र पासून शुहूर, शब्द आतून मोडतो, शेवटाला काही चिकटत नाही, मराठी जोडी तिथे मुकीच.

मस्कतहून परतले:
मुकी कशाला, अमीर-उमराव म्हणतोच की आपण! उमराव हे अमीरचंच अनेकवचन आहे. पण असे पाच-सहाच हाती लागतील हे कबूल. आणि भिया, ऐकून कळणं हेच पहिल्या सहा महिन्यांत जास्त लागतं, बोलायला तर निम्मे लोक आपल्याशी हिंदीच बोलतात.

राजवाड्यामागे राहतो:
लॅबमध्ये पेशंटशी बोलावं लागेल हो. "श्वास रोखा, सुई टोचतेय" हिंदीत ओमानी आजीला सांगाल?

सुदामानगरची:
सगळ्यांचे आभार. काल रात्री वही घेऊन बसले आणि तीन रंग केले. ज्यात दोन त किंवा दोन क ची भानगड आहे असे अकरा निघाले, त्यांच्या मराठी जोड्या खोडल्या आणि तेवढेच सरांकडून फोनवर रेकॉर्ड करून घेणारे, जोडीजोडीने. खऱ्या नातेवाईकांपुढे आजचा अर्थ लिहून राहिलेय, कोश एका काकूंकडे आहे. अंजीर खोडलं नाही, चिखल वेगळ्या पानावर टाकला. सरांना सांगितलं तर म्हणाले शेजारी पण खोडा. मी म्हटलं सर, जारी म्हणजे "माझा शेजारी" असं तुम्हीच मागच्या आठवड्यात शिकवलं, शेजारी मध्ये अख्खं बसलंय ते, कसं खोडू? त्यावर काही बोलले नाहीत.