सबटायटल व्हिडिओतच बर्न करायची की वेगळी ठेवायची?

मंदार, कर्वेनगर
सबटायटलची वेगळी फाइल देणाऱ्यांना हात जोडून सांगतो, प्रेक्षकाला कामाला लावू नका. व्हिडिओतच बर्न करा, म्हणजे ओळी चित्रातच छापून टाका आणि मोकळे व्हा. ज्याला पाठवाल त्याला दिसलीच पाहिजेत. चालू-बंद करायची सोय हे एडिटर लोकांचं खूळ आहे. आमच्या व्याख्यानांचे व्हिडिओ आम्ही असेच करतो, आजवर कुणाची तक्रार नाही.

अपर्णा, एडिटर
तक्रार येत नाही, कारण ज्याला वाचता येत नाही तो तक्रार करत बसत नाही, व्हिडिओ बंद करतो. आणि खूळ म्हणालात म्हणून सविस्तरच लिहिते.

मागे माझ्याकडे पुण्यातल्या वाड्यांवरचा एक माहितीपट आला, पाऊण तासाचा. आधीच्या एडिटरने इंग्रजी सबटायटल बर्न करून एकच फाइल दिलेली. प्रोजेक्ट नाही, स्वच्छ प्रत नाही. निर्मात्यांना तो जर्मनीत दाखवायचा होता. आता पडद्यावरच्या त्या इंग्रजी ओळींचं काय करायचं? तळ कापून चित्र मोठं केलं तर बोलणाऱ्यांचे हात आणि चौकातली फरसबंदी जाते, आणि त्या माहितीपटात फरसबंदीबद्दलच बोलणं चाललंय. जर्मन ओळी वरच्या बाजूला छापल्या तर माणूस दोन भाषा एकदम बघतो आणि दोन्ही वाचत नाही. शेवटी तळाला काळी पट्टी टाकली. त्या पट्टीखाली बोलणाऱ्यांची नावंही झाकली गेली, म्हणून ती वरच्या कोपऱ्यात नव्याने लिहावी लागली. इतकं करून माहितीपट विद्रूप तो विद्रूपच. पाऊण तासाच्या सबटायटलची एसआरटी, म्हणजे नुसत्या मजकुराची आणि वेळांची फाइल, पन्नासेक केबीची असते हो. तेवढी जपली असती तर यातलं काहीच करावं लागलं नसतं.

दुसरं, बर्न करताना अक्षरं चित्रात मिसळतात, म्हणजे सगळं चित्र पुन्हा एन्कोड होतं. आधीच दाबलेली फाइल परत दाबली जाते. वेगळा ट्रॅक जोडताना चित्राला हातही लागत नाही, काम काही सेकंदांत होतं. आणि युट्यूबवर टाकल्यावर एखाद्याचं नाव चुकलेलं सापडलं तर? त्याच लिंकवर दुसरा व्हिडिओ चढवता येत नाही. वेगळी सबटायटल असतील तर तेवढीच बदलायची, लिंक आणि प्रतिक्रिया जागच्या जागी राहतात.

मंदार, कर्वेनगर
जर्मनीला कोण चाललंय इथे? आमचे प्रेक्षक सत्तरीचे आहेत आणि व्हॉट्सॲपवर बघतात. तिथे तुमचा ट्रॅक कुठे जातो ते सांगा.

अपर्णा, एडिटर
गळून पडतो. व्हिडिओ म्हणून पाठवला की व्हॉट्सॲप तो पुन्हा एन्कोड करतं आणि सबटायटलचा ट्रॅक राहत नाही. डॉक्युमेंट म्हणून पाठवला तर फाइल जशीच्या तशी पोचते, पण बघणाऱ्याकडे व्हीएलसीसारखा प्लेअर लागतो. सत्तरीच्या माणसाला ते सांगायला मीही जाणार नाही. तेव्हा व्हॉट्सॲपपुरतं तुमचं बरोबर, तिथे बर्नच करा. पण ती वाटायची प्रत झाली. तुम्ही तीच एकमेव प्रत ठेवताय, माझं भांडण तिथे आहे.

निखिल
एवढा वाद कशाला? एफएफएमपेग या कमांडवर चालणाऱ्या प्रोग्राममध्ये `-c copy` दिलं की बर्नसुद्धा क्वालिटी न जाता होतं. मी नेहमी तसंच करतो.

अपर्णा, एडिटर
नाही होत. बर्नला फिल्टर लागतो, आणि फिल्टर लावला की चित्र उलगडून परत एन्कोड करावंच लागतं. फिल्टरच्या `-vf` बरोबर चित्राला `copy` दिलंत तर एफएफएमपेग एरर देऊन थांबतं. तुम्ही करताय ते बर्न नाही, ट्रॅक जोडणं आहे:

```
ffmpeg -i kirtan.mp4 -i kirtan.srt -map 0:v -map 0:a -map 1 -c copy -c:s mov_text -metadata:s:s:0 language=mar kirtan_track.mp4
```

निखिल
बरं, म्हणजे मी ट्रॅकवाला निघालो. बर्न केलं की क्वालिटी जाते हे तरी मान्य करा.

अपर्णा, एडिटर
जाते, पण दर्जा ठरवणारा आकडा `-crf 18` ठेवून एकदाच केलं तर नुसत्या डोळ्यांना फारसं कळत नाही. तेवढ्या कारणासाठी मी कुणाला बर्न करू नका म्हणणार नाही. माझा मुद्दा ते परत काढता येत नाही हा आहे.

श्रीकांत, सदाशिव पेठ
तुमचं चाललंय ते बाजूला ठेवून माझं सांगतो. वडिलांच्या कीर्तनांची जुनी रेकॉर्डिंग्ज आहेत. आवाज खराब, म्हणून नातवंडांसाठी मी सगळा मजकूर बसून टाइप केला. पेनड्राइव्ह टीव्हीला लावला तर आधी सबटायटल दिसेचना. व्हिडिओ आणि एसआरटीचं नाव एकसारखं ठेवून दोन्ही एकाच फोल्डरमध्ये टाकल्यावर दिसली. पण ‘विठ्ठल’ची वेलांटी ‘व’च्या पुढे गेलेली आणि ‘ठ्ठ’चे दोन तुकडे! वडिलांचे अभंग असे मोडके वाचवत नाहीत. माझं मत मंदाररावांच्या बाजूने.

निखिल
काका, फाइल यूटीएफ-८ मध्ये सेव्ह करा, सुटेल.

अपर्णा, एडिटर
नाही सुटणार, त्यांची फाइल यूटीएफ-८ मध्येच आहे. एन्कोडिंग चुकलं असतं तर प्रश्नचिन्हं किंवा भलतीच अक्षरं दिसली असती. फाँटमध्ये देवनागरी नसती तर रिकामे चौकोन आले असते. इथे अक्षरं सगळी बरोबर आहेत, फक्त जोडली गेलेली नाहीत. वेलांटी अलीकडे आणणं, जोडाक्षर बांधणं हे काम टीव्हीच्या प्लेअरला येत नाही. ते बाहेरून दुरुस्त होत नाही. त्याच टीव्हीला लॅपटॉप जोडून व्हीएलसीवर लावा, नीट दिसेल.

श्रीकांत, सदाशिव पेठ
दर वेळी लॅपटॉप जोडायचा? सूनबाई नाही म्हणेल आणि मलाही ते जमणार नाही.

मंदार, कर्वेनगर
हेच तर मी पहिल्या ओळीपासून सांगतोय! मराठी टीव्हीवर तुटते, म्हणून बर्न. संपलं.

अपर्णा, एडिटर
संपलं कसं? बर्न करतानाही तुटते. एफएफएमपेग सबटायटल काढायला लिबॅस ही लायब्ररी वापरतं आणि जोडाक्षरं बांधायला त्यात हार्फबझ असावं लागतं. कुठलं तरी जुनं, अर्धवट बिल्ड वापरलं तर तीच मोडकी वेलांटी कायमची चित्रात छापली जाईल. टीव्हीवर निदान फाइल तरी शाबूत राहते. बर्न सुरू झालं की लॉगमध्ये `Shaper:` अशी ओळ येते. तिच्यात `HarfBuzz` दिसलं पाहिजे. त्याच्या खाली `fontselect` येतं, त्यात आपण मागितलेलाच फाँट मिळाला का ते बघायचं. श्रीकांतकाका, तुमच्यासाठी हे:

```
ffmpeg -i kirtan.mp4 -vf "subtitles=kirtan.srt:force_style='FontName=Noto Sans Devanagari'" -crf 18 -c:a copy kirtan_burn.mp4
```

सगळं कीर्तन लावून बसू नका. `-crf`च्या आधी `-t 60` टाकून एका मिनिटाचा तुकडा काढा आणि त्या मिनिटात ‘विठ्ठल’ येईल असं बघा.

गिरीश
या भांडणात तिसरी वाट कुणी बोलतच नाहीये. डीव्हीडीवर सबटायटल चित्रंच असायची. ब्लूरेचीही तशीच असतात, पीजीएस म्हणतात ती. मजकूर आधीच चित्र करून ठेवलेला, म्हणून वेलांटी हलणार नाही. आणि ट्रॅक वेगळाच असल्याने बंदही करता येतो. एमकेव्हीत बसतो.

अपर्णा, एडिटर
हा मुद्दा चांगला आहे. अडचण एवढीच की कुठला टीव्ही पीजीएस दाखवेल हे लावून बघितल्याशिवाय कळत नाही. आणि चित्र असल्यामुळे अक्षर मोठं करायची किंवा मजकुरात शोधायची सोय जाते.

विद्याधर, निगडी
मूळ प्रश्नच चुकलाय. मराठी माणसाला मराठी सबटायटल हवीत कशाला? कीर्तन ऐकायचं असतं. सगळीकडे खाली पट्ट्या, बुवांच्या चेहऱ्याकडे कुणी बघतच नाही. थिएटरातसुद्धा मराठी सिनेमाखाली इंग्रजी ओळी, डोळे आपोआप तिकडे जातात आणि विनोद पडद्यावर यायच्या आधीच वाचून होतो.

सायली
मराठी माणसाला ऐकू येत नसेल तर? मला उजव्या कानाने अजिबात नाही आणि डाव्याने थोडं येतं. तुमचे डोळे तिकडे जातात हा त्रास आहे, मला ओळी नसतील तर अख्खं कीर्तनच नाही.

विद्याधर, निगडी
तुमच्याबद्दल बोललो नव्हतो, वैयक्तिक घेऊ नका.

सायली
माझ्याबद्दलच आहे, म्हणून वैयक्तिकच घेणार. आणि तुमचा त्रास खरा असेल तर तुम्हीसुद्धा वेगळ्या ट्रॅकच्याच बाजूचे झालात. तुम्ही बंद करा, मी चालू ठेवते.

मंदार, तुमच्या व्याख्यानांतलंच उदाहरण देते. पांढरी अक्षरं, कड नाही, आणि वक्त्यांच्या अंगात पांढरा झब्बा. ओळीचा मधला भाग झब्ब्यात विरघळतो. युट्यूबच्या सबटायटलला मी अक्षर मोठं करते, मागे काळी चौकट लावते. तुम्ही छापलेल्या ओळींना मी काय करू?

पण थिएटरबाबत मी अपर्णाताईंच्याही विरुद्ध आहे. मार्च 2024 मध्ये केंद्राच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाने चित्रपटगृहांसाठी मार्गदर्शक तत्त्वं काढली, ऐकू न येणाऱ्यांसाठी सबटायटल आणि न दिसणाऱ्यांसाठी ध्वनिवर्णन. मी गेले तिथे मात्र मोबाइलवर वाचा म्हणून सांगितलं. अंधारात मांडीवरचा मोबाइल आणि समोरचा पडदा एकदम बघता येत नाही. तिथे मला ओळी पडद्यावरच हव्यात, सगळ्यांना दिसतील अशा, ठरावीक खेळांना तरी.

अपर्णा, एडिटर
त्यासाठीही बर्न करावं लागत नाही. थिएटरला सिनेमा ज्या डिजिटल पॅकेजमध्ये जातो त्या डीसीपीत सबटायटल वेगळ्या फाइलमध्ये राहू शकतात. एका खेळाला सबटायटलवाली आवृत्ती लावायची, दुसऱ्याला बिनसबटायटलची, चित्र तेच.

सायली
मग लावत का नाहीत?

अपर्णा, एडिटर
त्याला तांत्रिक कारण नाही. एवढंच सांगू शकते.

शिक्षिका, हडपसर
मी आठवीला शिकवते आणि मला बंद करता येणारी सबटायटल नकोत. ब्रिज कोठारी यांनी दूरदर्शनवर गाण्यांखाली त्याच भाषेतल्या ओळी दाखवण्याचं काम उभं केलं. मुलं ओळखीचं गाणं ऐकता ऐकता वाचतात. यात मुलांना बटण दाबायला लागत नाही, सगळी गंमत तिथेच आहे. वेगळा ट्रॅक दिला की वर्गातला पहिला हुशार मुलगा तो बंद करतो.

मंदार, कर्वेनगर
बाई माझ्या बाजूने आहेत, नोंद घ्यावी. झब्ब्याचं मात्र खरं आहे. पुढच्या व्याख्यानापासून अक्षरांना काळी कड देतो. आणि ठीक आहे, स्वच्छ प्रत आणि एसआरटी हार्डडिस्कवर ठेवतो. पण लोकांना मी बर्न केलेलंच पाठवणार, त्यात बदल नाही.

सायली
युट्यूबवर तरी स्वच्छ प्रत आणि एसआरटी चढवा. तिथे व्हॉट्सॲपची सबब चालत नाही.

मंदार, कर्वेनगर
तिथे किती जण चालू करतील हो? डीफॉल्टला बंद असतात.

गिरीश
हे मात्र मलाही पटतं. ट्रॅकला डीफॉल्टची खूण लावली तरी काही प्लेअर स्वतःचीच सेटिंग पाळतात.

श्रीकांत, सदाशिव पेठ
एका मिनिटाचा तुकडा काढला. लॉगमध्ये हार्फबझ आहे, ‘विठ्ठल’ टीव्हीवर नीट आला. पण `fontselect`च्या ओळीत मी मागितलेल्या फाँटऐवजी दुसरंच नाव दिसतंय. हे चालेल का?

अपर्णा, एडिटर
म्हणजे नोटो तुमच्या मशीनवर इन्स्टॉल नाही, त्याने मिळेल तो देवनागरी फाँट घेतला. आज चाललं, पण दुसऱ्या मशीनवर बर्न केलंत तर चौकोन येऊ शकतात. फाँट टाका, तेवढाच तुकडा परत काढा, मग पूर्ण कीर्तन लावा. आणि एसआरटीची आणखी एक प्रत मुलाच्या लॅपटॉपवर टाकून ठेवा, ते टायपिंग पुन्हा होणार नाही.