शीघ्रपतन: आधी दोघांनी घरी सराव करावा, की सरळ डॉक्टर गाठावा?

सातपूर_सेकंडशिफ्ट:
वय ३१, लग्नाला दीड वर्ष. पहिल्यापासूनच माझं फार लवकर होतं. संबंध सुरू झाला की मिनिटभरात, फार तर दोन. बायको काही बोलत नाही, पण हल्ली आम्ही दोघंही विषय टाळतो. कंपनीतला एक जण म्हणतो मेडिकलमधून गोळी आण. दुसरा म्हणतो भिंतीवर जाहिराती असतात त्यातल्या एका दवाखान्यात जा. बायकोचं मत, आधी आपण दोघं मिळून काहीतरी करून बघू, नाही जमलं तर डॉक्टर. मलाही तेच बरं वाटतं. पण सराव म्हणजे नक्की करायचं काय, आणि कधी म्हणायचं की आता पुरे? तुमची मतं सांगा.

पंचवटीचा_गडी:
भावा, गोळ्याबिळ्या सोड. हे सगळं कॉलेजात हातानं केल्याचं फळ आहे, नसा ढिल्या पडतात. ते आधी बंद कर. मग केगलचा व्यायाम. लघवी करताना मधेच धार रोखायची, रोज, दाबून. आणि ऐन वेळी होणार असं वाटलं की तोच स्नायू जोरात आवळून धरायचा. जिममधल्या दोघातिघांना फरक पडलेला मी ऐकलंय. डॉक्टरकडे जायची गरजच नाही.

गोदाकाठची_समुपदेशक:
गडीभाऊ, व्यायामाचं नाव बरोबर घेतलंत, पण तो सांगितला उलटा. धार एकदाच रोखून बघायची, तीही कुठला स्नायू ते ओळखण्यापुरती. रोज लघवी रोखायची सवय लावली तर मूत्राशयाचा त्रास पदरात पडतो. एरवी बसल्या जागी, पोट आणि नितंब न आवळता, काही सेकंद आवळायचं आणि तितकाच वेळ पूर्ण सैल सोडायचं. सैल सोडता येणं जास्त कामाचं असतं. अगदी टोकाला पोचल्यावर जोरात आवळलं तर बऱ्याच पुरुषांचं उलट लगेच होतं, कारण वीर्य बाहेर टाकणारे स्नायू तेच आहेत. हस्तमैथुनानं नसा ढिल्या होत नाहीत. घाईघाईत, कुणी येईल या धाकात उरकायची सवय लागली असेल तर ती पुढे अंगवळणी पडू शकते, एवढंच त्यात तथ्य.

सेकंडशिफ्ट, मी जोडप्यांसोबत काम करते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

पहिलं, घड्याळ. २००५ मध्ये पाच देशांतल्या जोडप्यांनी खरोखर स्टॉपवॉच लावून मोजलेली वेळ प्रसिद्ध झाली. मधला आकडा आला सुमारे साडेपाच मिनिटं. कुणाचं अर्ध्या मिनिटात, कुणाचं चाळीसच्या पुढे. म्हणजे व्हिडिओतला अर्धा तास हा मापदंड नव्हे. आणि तीन-चार मिनिटं लागणारा माणूस आजारी नसतो. तुमचं पहिल्यापासून मिनिटाच्या आसपास आहे, आवरता येत नाही आणि दोघांनाही त्याचा त्रास होतोय, तेव्हा तुमचा प्रश्न खरा आहे.

आता सराव. १९५६ मध्ये जेम्स सीमन्स नावाच्या अमेरिकन मूत्ररोगतज्ज्ञानं 'थांबा-पुन्हा सुरू करा' ही पद्धत मांडली, ती आजही वापरतात. उत्तेजना मनातल्या मनात दहापैकी मोजायची. दहा म्हणजे झालंच. नऊच्या आसपास एक जागा येते, तिथून परत फिरता येत नाही. वीर्य पुढे सरकलेलं असतं, मग कितीही रोखा. त्यामुळे थांबायचं सहाला, फार तर सातला. कसारा घाटात वळणावर ब्रेक मारत नाहीत, वळणाआधी मारतात, तसंच हे.

सुरुवात एकट्यानं, कोरड्या हातानं. सहाला आलात की हात बाजूला, श्वास लांब सोडायचा, खालचे स्नायू सैल. तीन-चारपर्यंत उतरलं की पुन्हा. असं तीनदा करून चौथ्यांदा होऊ द्यायचं. हे जमू लागलं की तेच बायकोच्या हातानं. थांबायची खूण तुम्ही द्यायची, तिनं अंदाज बांधायचा नाही. मग तेल किंवा जेल लावून, कारण ओलसर स्पर्शात चढ फार लवकर येतो. त्यानंतर संबंध, पण ती वर आणि सुरुवातीला दोघंही स्थिर. हालचाल सगळ्यात शेवटी. प्रत्येक पायरीवर आठवडा-दोन आठवडे, आठवड्यातून तीनेक वेळा.

तेलाबद्दल एक महत्त्वाचं. निरोध वापरत असाल तर खोबरेल लावू नका. तेलानं लॅटेक्स कमजोर होतं आणि फाटतं. पाण्यावर आधारलेली जेल मेडिकलमध्ये मिळते.

निवृत्त_काका_देवळाली:
चिरंजीव, वीर्य पातळ झाले की असे होते. मूल राहण्यास अडचण येईल. दीड वर्षात पाळणा हलला नाही तो यामुळेच. ४० थेंब रक्तातून एक थेंब तयार होतो, तो जपावा. रात्री दुधातून शिलाजित घ्या. आमच्या काळी हे प्रश्न नव्हते.

इंदिरानगरची_सूनबाई:
काका, त्यांनी मुलाबद्दल विचारलेलंच नाही हो. आणि संबंध एक मिनिट टिकला तरी वीर्य योनीत पडलं की दिवस राहू शकतात. आमचा मोठा मुलगा साक्षीला आहे. रक्ताच्या थेंबांचा हिशेब तर आजोबांपासून ऐकतोय, त्याला काही आधार नाही.

पण मला समुपदेशकताईंना विरोध करायचाय. आम्ही हे सगळं केलंय. कागदावर छान दिसतं. प्रत्यक्षात मी रात्री परिचारिकेसारखी बसायचे आणि ह्यांचं 'पाच... सहा... थांब' चालायचं. माझं काय, हे कुणी विचारलंच नाही. शेवटी मी म्हटलं, हा तुमचा गृहपाठ आहे, मी त्यात कुठे आहे? ह्यांना वाटायचं मला जास्त वेळ हवाय. मला हवं होतं की ह्यांचं झाल्यावर ह्यांनी तोंड फिरवून झोपू नये. वेळ फारशी वाढली नाही आमची. पण आधी माझं, हातानं, निवांत, आणि मग बाकीचं, असा क्रम लावल्यापासून भांडण मिटलं. माझं मत, घड्याळाच्या मागे लागूच नका.

गोदाकाठची_समुपदेशक:
सूनबाई, बरोबर पकडलंत. बहुतेक बायकांना नुसत्या संबंधानं सुख मिळतंच असं नाही, मग तो पाच मिनिटं चालो की पंधरा. तुमचा क्रम मी पुढच्या जोडप्यांना सांगणार आहे. फक्त सगळ्यांना तेवढ्यानं भागत नाही. ज्या पुरुषाला स्वतःवर अजिबात ताबा नाही असं वाटत राहतं, त्याला ते आतून खातंच.

गंगापूर_रोड_४५:
मी पूर्ण उलट सांगतो. घरी वेळ घालवू नका, आधी तपासणी. माझं सगळं व्यवस्थित होतं, चाळिशीनंतर अचानक लवकर व्हायला लागलं. मीही नेटवर वाचून हाच थांबा-सुरू सराव केला. काही नाही. बायको म्हणाली वजन उतरलंय, हात थरथरतात, रात्री पंखा फुल्ल करूनही घाम येतो. शेवटी आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी रक्ताची तपासणी लिहून दिली, थायरॉईड वाढलेलं निघालं. त्याची गोळी सुरू झाली आणि काही महिन्यांत हेही जवळजवळ पूर्ववत. सरावाच्या भरवशावर राहिलो असतो तर हृदयावर गेलं असतं. म्हणून म्हणतो, डॉक्टर आधी.

गोदाकाठची_समुपदेशक:
४५, तुमच्या बाबतीत शंभर टक्के बरोबर. पण तुमचं नंतर सुरू झालं, त्यांचं पहिल्यापासून आहे. आधी ठीक असलेलं अचानक बिघडलं तर सराव नव्हे, तपासणी. थायरॉईड, प्रोस्टेटची सूज, आणि ताठरता टिकत नाही म्हणून माणूस घाई करतो तेही. लघवीला जळजळ, ओटीपोटात दुखणं, वीर्यात रक्त, ताठरताच कमी येणं, यातलं काहीही असेल तर थेट डॉक्टर. पहिल्यापासून असलेल्या आणि बाकी ठणठणीत माणसानं दोन-तीन महिने सराव केला तर नुकसान काही नाही.

गंगापूर_रोड_४५:
नुकसान नाही कसं? दोन-तीन महिने रोज अपयश बघायचं, हे नुकसानच. पहिल्यापासून असलेल्यांना तर औषधाशिवाय फार फरक पडत नाही असंही वाचलंय.

गोदाकाठची_समुपदेशक:
त्यात तथ्य आहे, नाकारत नाही. सरावाचा फायदा टिकवणं अवघड असतं. एक जोडपं सांगते, ओळख लागू नये म्हणून तपशील बदललेत. नवरा ट्रान्सपोर्टमध्ये, बायको शिक्षिका. महिनाभर करून आले, म्हणाले जमत नाही. विचारलं, 'थांब' म्हटल्यावर होतं काय? बायको म्हणाली, तो थांब म्हणतो आणि दोन सेकंदांत होऊनच जातं. म्हणजे तो नऊला थांबत होता आणि त्याला सात म्हणत होता. त्याला परत एकट्याच्या पायरीवर पाठवलं आणि सांगितलं, पाचलाच थांब, उगाच वाटलं तरी. अंडकोष वर ओढले जातात, मांड्या ताठरतात, श्वास अडकतो, या खुणा दिसल्या की उशीर झालाय असं समज. शिवाय दाबण्याचा प्रकार जोडला. शिस्नाच्या टोकाखाली, कडेजवळ, एका बाजूनं अंगठा आणि दुसऱ्या बाजूनं दोन बोटं, काही सेकंद घट्ट पण न दुखवता दाबायचं, मग अर्धा मिनिट विश्रांती. ताठरता थोडी उतरते, ती परत येते, घाबरायचं नाही. दीड-दोन महिन्यांत ती दोघं तीन-चार मिनिटांवर आली. मग सराव सुटला, दिवाळीच्या धावपळीनंतर बरंचसं परत पहिल्यासारखं. दुसऱ्यांदा त्यांनी सरावासोबत डॉक्टरांकडून औषधही घेतलं.

पंचवटीचा_गडी:
मग औषधच घ्यायचं ना सरळ? तो स्प्रे मिळतो की.

गोदाकाठची_समुपदेशक:
बधिर करणारा स्प्रे किंवा मलम चालतं, पण लावून दहा-पंधरा मिनिटं थांबून पुसून किंवा धुऊन टाकायचं, नाहीतर बायकोलाही बधिरपणा येतो. डॅपोक्सेटिन नावाची गोळी खास यासाठीच आहे, पण डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय नको. चक्कर येऊन पडलेले लोक आहेत. नैराश्याच्या काही औषधांबरोबर घेतली तर प्रकरण गंभीर होऊ शकतं. मित्राची उरलेली पट्टी तर मुळीच नाही.

सातपूर_सेकंडशिफ्ट:
सगळ्यांचे आभार. बायकोलाही वाचून दाखवलं. सूनबाईंचं वाचून ती म्हणाली, 'हे आधी.' माझी एक अडचण मात्र राहतेच. रात्री साडेबाराला घरी पोचतो, ती पहाटे साडेपाचला उठते. आठवड्यातून तीनदा जमायचं कसं? रविवार एकच मिळतो.

इंदिरानगरची_सूनबाई:
दुपारी करा की. सेकंड शिफ्टवाल्याला दुपारपर्यंत वेळ असतो.

सातपूर_सेकंडशिफ्ट:
ताई, सासरे-सासूबाई दुपारी घरीच असतात, दोन खोल्यांचं घर आहे. म्हणजे माझे आईवडील हो.

गोदाकाठची_समुपदेशक:
मग एकट्याची पायरी अंघोळीच्या वेळी उरका, तिला बायकोची गरज नाही. फक्त तिथे घाई करू नका, नाहीतर जुनीच सवय पक्की होईल. पुढच्या पायऱ्यांसाठी रविवार आणि जमेल ती सुट्टी. आठवड्यातून एकदाच झालं तर वेळ जास्त लागेल, इतकंच.

गंगापूर_रोड_४५:
तरीही माझं मत, एकदा रक्त तपासून घ्या. सकाळची वेळ मोकळी आहे तुमची.